तक्रार नावानिशी करावी की निनावी? लोट्याच्या एका कारखान्यातला प्रश्न

परशुराम घाट

माझा भाचा लोट्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत कायम नोकरीला आहे, वजनकाट्यावर. घातक कचऱ्याचे टँकर तळोज्याला जातात. त्यांच्या बिलांत एकाच गाडीच्या एकाच दिवशी दोन-दोन खेपा लावलेल्या त्याला दिसल्या, आणि हे एकदाच झालेलं नाही. काट्यावर त्या दिवशी गाडी एकदाच चढलेली. कंपनीची व्हिसलब्लोअर पॉलिसी नोटीस बोर्डावर लावलेली आहे. तीन वाटा दिल्यात: एचआरचा ईमेल, हेल्पलाइन, आणि ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना थेट पत्र. "ओळख शक्य तितकी गुप्त ठेवली जाईल" असं वाक्य आहे. त्याचा धाकटा भाऊ तिथेच कंत्राटदाराकडे कामाला आहे आणि प्लांट हेड शेजारच्या गावचे. नाव घालून तक्रार करावी की निनावी? दोन्ही बाजूंनी बोला.

जुना कामगार

निनावी. यात विचार करण्यासारखं काही नाही.

"शक्य तितकी" या शब्दांकडे नीट बघा. मी जिथे होतो तिथे एका स्टोअरकीपरने खरेदीतल्या घोळाबद्दल एचआरला ईमेल केला. एचआरने तो प्लांट हेडला पुढे पाठवला, वर एकच ओळ, "आपले म्हणणे कळवावे." खाली मूळ ईमेल जसाच्या तसा, नावासकट. कुणी मुद्दाम फोडलं नाही, पण संध्याकाळच्या बसला सगळ्यांना माहीत होतं. पुढे त्याची बदली गुजरातेतल्या डेपोवर झाली. कारण काय, तर प्रशासकीय गरज. म्हातारी आई गावाला, बायको अंगणवाडीत. त्याने राजीनामा दिला. पॉलिसी त्या कंपनीचीही भिंतीवरच होती.

वसुधाताई

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या अंतर्गत ऑडिटमध्ये होते. अशा तक्रारी हाताळल्यात, बंद केल्यात, आणि काही ठिकाणी तक्रारदाराला वाचवता आलं नाही तेही पाहिलंय. म्हणून आधी परशुरामदादांना सांगते, तुमच्या पोस्टवरूनच माणूस ओळखता येतो. लोट्यातून तळोज्याला टँकर पाठवणाऱ्या कंपन्या किती, त्यातल्या काट्यावरचे कायम कामगार किती, आणि त्यातल्या कुणाचा धाकटा भाऊ तिथेच कंत्राटावर आहे? नाव लिहायची गरजच उरली नाही. आधी हे बदलून घ्या.

परशुराम घाट

ताई, काळजी करू नका. माणूस, नातं, जागा, कुठल्या कामावर आहे, हे सगळं इथे लिहितानाच बदललं आहे. प्रश्न मात्र खरा आहे.

वसुधाताई

छान केलंत. पण हीच खरी अडचण आहे. इथे तुम्ही तपशील बदलू शकलात, तक्रारीत बदलता येणार नाहीत. तिथे तपशील खरे हवेत आणि जितके नेमके तितकं चांगलं. आणि जितके नेमके, तितकं लिहिणाऱ्याकडे बोट दाखवणारे. नाव घालावं की नाही हा त्यापुढे दुय्यम प्रश्न आहे. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत ओळख फुटली ती नावामुळे नाही, मजकुरामुळे. "काट्याच्या रात्रपाळीच्या रजिस्टरचा फोटो सोबत जोडला आहे" असं वाक्य असलं की ते रजिस्टर कोणाच्या हातात असतं हे प्लांटमध्ये शेंबड्या पोरालाही कळतं. खाली सही नसली तरी.

जुना कामगार

मग निनावीच बरी ना? सही नाही म्हटल्यावर निदान "मी नव्हे" असं म्हणता तरी येईल.

वसुधाताई

तिथेच माझा तुमच्याशी मतभेद आहे, काका. उद्या त्याला त्रास दिला आणि तो दाद मागायला गेला, तर त्याला काय दाखवावं लागेल? तक्रार केली हे कंपनीला माहीत होतं, त्यानंतर त्रास झाला, आणि त्या त्रासाला दुसरं पटण्याजोगं कारण नाही. निनावी तक्रारीत पहिलीच पायरी ढासळते. कंपनी शांतपणे म्हणते, आम्हाला माहीतच नव्हतं तक्रार याची आहे, मग सूड कसला? प्लांटमध्ये सगळ्यांना संशय असतो आणि कागदावर कुणालाच माहीत नसतं. त्रास देणाऱ्याच्या सोयीची याहून चांगली परिस्थिती नाही.

म्हणून माझं मत, नाव द्यायचं, पण एकाच माणसाला. अध्यक्षांच्या पत्रात नाव एका वेगळ्या कागदावर, वेगळ्या आतल्या लिफाफ्यात. तक्रारीच्या मजकुरात नाव नाही, पद नाही, "मी पाहिलं" असंही नाही. मजकूर तपासाला पुढे जाईल, लिफाफा अध्यक्षांपाशी राहील. आणि पत्राची पोच जपून ठेवायची, कारण कंपनीला कोणत्या तारखेला कळलं याचा पुरावा तीच आहे.

नियमवाचक

इतकं कशाला? देशात व्हिसलब्लोअर संरक्षण कायदा २०१४ सालीच झालाय. थेट केंद्रीय दक्षता आयोगाला लिहा, ते ओळख गुप्त ठेवतात. कायद्याने संरक्षण आहे.

वसुधाताई

अर्धं बरोबर. संसदेने कायदा केला, मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अमलात आणलेला नाही. आयोग आजही काम करतो ते २००४ च्या ठरावावर, जो सत्येंद्र दुबे यांच्या खुनानंतर आला. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी २००२ साली कळवला होता, आणि नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. २००३ साली गयेत त्यांचा खून झाला. तो ठराव केंद्र सरकार आणि केंद्राच्या उपक्रमांपुरता आहे. कोकण रेल्वेत कोणी असता तर मी पहिल्यांदा तेच सांगितलं असतं. बंद लिफाफा, त्यावर सार्वजनिक हितासाठी तक्रार असल्याचा शेरा, बाहेर नाव नाही, आत मात्र नाव-पत्ता हवाच, कारण निनावी पत्र त्या ठरावाखाली घेतच नाहीत. म्हणजे तिथेही पद्धत तीच, नाव द्यायचं पण एकाच दारात.

खासगी कारखान्याला हे लागू नाही. तिथे आहे तो कंपनी कायदा २०१३, कलम १७७. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या, आणि बँका-वित्तसंस्थांचं ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्या, यांना अशी यंत्रणा ठेवणं बंधनकारक आहे. ऑडिट कमिटी नसेल तर संचालक मंडळाने त्यासाठी एक संचालक नेमायचा. तक्रारदाराचा छळ होऊ नये याची पुरेशी तजवीज आणि योग्य प्रसंगी अध्यक्षांपर्यंत थेट पोचण्याची सोय, या दोन्ही गोष्टी कायद्यातच आहेत, त्या कंपनीच्या मर्जीवर नाहीत.

एचआर_चिपळूण

मी एचआरमध्ये आहे आणि इथे आमची बाजू कोणीच मांडत नाही म्हणून लिहितो. वसुधाताई, थेट अध्यक्षांकडे जाण्याची सोय "योग्य किंवा अपवादात्मक" प्रसंगी आहे. प्रत्येक तक्रार तिथेच गेली तर मधल्या व्यवस्थेला अर्थ काय राहिला? अध्यक्ष मुंबईला. मीटिंग तिमाहीला एकदा.

दुसरं, खोट्या तक्रारी. आमच्याकडे एका खरेदी अधिकाऱ्याविरुद्ध निनावी पत्र आलं. टक्केवारी खातो म्हणून. त्याला बाजूला केलं, बाहेरची माणसं आणून तपास केला, काही निघालं नाही. पत्र ज्याचं टेंडर गेलं त्या ठेकेदाराचं असावं असा आमचा अंदाज, पण विचारणार कोणाला? सही नाही. त्या माणसाच्या मुलीचं लग्न ठरत होतं. गावात जे बोललं गेलं ते कुठला तपास-अहवाल पुसणार? गोपनीयता ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही हवी. पॉलिसीवर बोलणारे ही बाजू नेहमी विसरतात.

वसुधाताई

तुमचा दुसरा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. तपास संपेपर्यंत दोघांचीही नावं बंद राहिली पाहिजेत. आणि नियमांत क्षुल्लक तक्रारी वारंवार करणाऱ्याला समज देण्याची तरतूद आहेच. पण ती वारंवार करणाऱ्यासाठी आहे. एक तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती असा अर्थ लावून माणसाला नोटीस देणारे एचआर मी पाहिलेत. त्याला त्या वेळी खरं वाटत होतं का आणि वाटायला कारण होतं का, एवढंच बघायचं असतं.

पहिल्या मुद्द्याचं म्हणाल तर मला एक सांगा. तक्रार प्लांटमधल्या वाहतुकीच्या बिलांची आहे. ती बिलं मंजूर कोण करतं?

एचआर_चिपळूण

प्लांट हेडची सही लागते. आमच्याकडे तरी.

वसुधाताई

आणि तुमचं वार्षिक मूल्यमापन कोण करतं?

एचआर_चिपळूण

प्लांट हेड. कळलं तुम्हाला काय म्हणायचंय. पण म्हणून प्रत्येक एचआरवाला फोडणाराच असतो असं नाही.

वसुधाताई

नाहीच. तुमच्यावर मुळी तो बोजाच पडू नये, असं मी म्हणते. जिथे आरोपाची रेघ प्लांट हेडपर्यंत जाऊ शकते, तिथे प्लांटमधल्या कोणाकडेही तक्रार देणं हा प्रसंग अपवादात्मकच. त्या एका वाक्याने पत्राची सुरुवात करावी.

रोहेकर

माझा ओव्हरटाइम चार महिने बाकी आहे. सुपरवायझरला विचारलं की तो दुसऱ्या पाळीत टाकतो. मी पण ऑडिट कमिटीला लिहू का? हा पण छळच झाला ना?

एचआर_चिपळूण

दादा, ही तक्रार खरी असली तरी ती वाट वेगळी. ही यंत्रणा गैरव्यवहार, फसवणूक, नियमभंग यासाठी आहे. स्वतःच्या पगाराची तक्रार त्यात टाकली तर "वैयक्तिक सेवाविषयक बाब" असा शेरा मारून परत येईल आणि तुमचे दिवस फुकट जातील. युनियन असेल तर तिथे जा, नसेल तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी द्या. पगाराच्या स्लिपा आणि पंचिंगच्या नोंदी सोबत ठेवा.

दाभोळ खाडीकर

तुमचं नाव घाला, नाव नको घाला चाललंय. मला एकच विचारायचंय. टँकर तळोज्याला दुसऱ्यांदा गेलाच नाही, तर तो रिकामा कुठे झाला?

आमची जाळी खाडीत असतात. नाल्यातून काय येतं ते आधी आम्हाला कळतं, पाण्याला वास येतो आणि मासा वर येऊन तोंड उघडतो. पंचनामा होतो, नमुना घेतात, तोपर्यंत भरती-ओहोटी होऊन गेलेली असते. ज्याला आतून दिसलंय त्याने बोलायलाच पाहिजे. त्याची नोकरी आहे, आमचं पण पोट आहे.

वसुधाताई

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर आत्ता कोणालाच माहीत नाही. दोन शक्यता आहेत. एक, दुसरी खेप नुसती कागदावर आहे, म्हणजे पैशांचा घोळ. दुसरी, गाडी खरंच भरली, काट्याला वळसा घालून बाहेर पडली आणि वाटेत कुठेतरी सोडली. पहिलीत कंपनीचं नुकसान, दुसरीत खाडीचं.

फरक कसा ओळखायचा, तर साठवणुकीच्या टाकीच्या नोंदीवरून. बिलात दोन टँकर आणि टाकीची पातळी एकाच टँकरने उतरली असेल तर बिल खोटं. पातळी दोन टँकरने उतरली असेल तर माल कुठेतरी गेलाच आहे.

दाभोळ खाडीकर

मग ते प्रदूषण नियंत्रण मंडळाला सांगा. कंपनीच्या साहेबाला कशाला? चोराच्या हातात जामदारखान्याच्या किल्ल्या.

जुना कामगार

खाडीकरांशी सहमत. मंडळाला निनावी अर्ज टाका, मोकळे व्हा.

वसुधाताई

मंडळाला जाण्याची वाट बंद नाही आणि कंपनीची कोणतीही पॉलिसी ती बंद करू शकत नाही. पण मंडळ गाडीच्या बिलांत शिरणार नाही, ते पाणी, साठा आणि कागद बघेल. आणि निनावी अर्जात नुसतं "टँकर सोडतात" लिहिलं तर एक भेट होईल, त्या दिवशी सगळं ठीक असेल.

आता मूळ गोष्टीकडे येते, की मजकूर असा कसा लिहावा की माणूस दिसणार नाही. घातक कचऱ्याच्या प्रत्येक खेपेबरोबर मॅनिफेस्ट, म्हणजे त्या मालाचा कागद, जातो. २०१६ च्या नियमांत त्याच्या सात रंगीत प्रती आहेत. पिवळी पाठवणाऱ्याकडे राहते, निळी माल घेणारा सही करून पाठवणाऱ्याला परत देतो, हिरवी तो मंडळाला पाठवतो. म्हणजे तळोज्याला पोचलेल्या प्रत्येक खेपेची निळी प्रत कंपनीत परत आलेली असली पाहिजे. लोट्याहून तळोजा एका बाजूने दोनशे किलोमीटरच्या आसपास. घाट, महामार्गाची कामं, तिथे रांगेत उभं राहणं, रिकामं करणं. भरलेला टँकर एका दिवसात दोनदा जाऊन येत नाही.

मग तक्रारीत काट्याचं नावच काढायचं नाही. एवढंच लिहायचं: अमुक ते अमुक महिन्यांची वाहतुकीची बिलं आणि परत आलेल्या निळ्या प्रती समोरासमोर ठेवा. अमुक नंबरच्या गाडीच्या या दोन तारखा पहिल्यांदा बघा. मग त्याच तारखांच्या काट्याच्या आणि गेटच्या नोंदी मागवा. नोंदी तपासणारा मागवेल, तक्रारदाराने जोडायच्या नाहीत. बिलं अकाउंट्समध्ये दिसतात, खरेदीत, वाहतूक विभागात, पर्यावरण विभागात, सहीसाठी फिरताना चार टेबलांवर. काट्याचं रजिस्टर दोघांच्या हातात असतं, बिल दहाबारा जणांच्या.

एचआर_चिपळूण

इथे मला हरकत आहे. कागद जोडला नाही तर प्राथमिक छाननीत "पुरेसा आधार नाही" म्हणून तक्रार बंद होते. मी स्वतः अशा बंद होताना पाहिल्यात.

वसुधाताई

मोघम असतात त्या होतात. गाडीचा नंबर, दोन तारखा आणि कुठले कागद जुळवायचे हे लिहिलं असेल तर बंद करणाऱ्याला न जुळवता बंद करण्याचं कारण लिहावं लागेल. बाहेरच्या ऑडिटरलाही, २०२० च्या आदेशानुसार, वर्षभरात आलेल्या व्हिसलब्लोअर तक्रारी आपण विचारात घेतल्या का ते अहवालात सांगावं लागतं. तो तक्रारींचं रजिस्टर मागतो. तिथे ही तक्रार न तपासता बंद दिसली तर प्रश्न येतो.

आणि उलट बाजूने सांगते, कागद जोडण्यात एक वेगळा धोका आहे. कंपनीची कागदपत्रं मोबाइलवर उतरवून घेतली म्हणून गोपनीयतेच्या भंगाची चार्जशीट देतात. तक्रार खरी ठरली तरी ती चार्जशीट वेगळी चालू राहते. म्हणून तारखा वहीत टिपून ठेवा, घरी. फोटोंचा गठ्ठा नको. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून काही लिहू नका, ऑफिसच्या प्रिंटरवर काही छापू नका, दोन्हीकडे नोंद राहते.

जुना कामगार

दहाबारा जण म्हणालात ते मुंबईच्या ऑफिसात. इथे दहाबारा जणांतून एक काढायला एक संध्याकाळ पुरते. कोण गप्प झालाय, कोणी कंत्राटदाराशी बोलणं टाकलं, कोणाचा मामा युनियनमध्ये होता. तपासणारे आले आणि थेट त्याच गाडीची फाइल मागितली की संपलं.

वसुधाताई

काका, हे तुमचं बरोबर आहे, आणि म्हणूनच चांगला तपासणारा थेट ती फाइल मागत नाही. आम्ही काय करायचो सांगते. वाहतूक खर्चाचं नेहमीचं ऑडिट म्हणून यायचो. सगळ्या वाहतूकदारांची, मालाची आणि कचऱ्याची, सहा महिन्यांची बिलं मागायचो. डिझेल, टोल, काटा, गेट, सगळं. ज्या गाडीसाठी आलो ती त्यात पन्नासांतली एक. दोन दिवस बाकीच्या बिलांवर खरंच प्रश्न काढायचो. याला वेळ लागतो, पैसे लागतात, आणि सगळे करत नाहीत. म्हणून तक्रारीतच विनंती लिहावी की तपास नेहमीच्या ऑडिटच्या रूपाने व्हावा. लेखी विनंती असूनही कोणी धडधडीत एकच फाइल मागितली, तर तो निष्काळजीपणा कागदावर येतो.

कुडाळकर

माझी गोष्ट येगळी असा. मी पतसंस्थेत कारकून. चेरमनाच्या पुतण्याक कर्ज दिल्यानी, तारण काय्येक नाय, आणि हप्तो पण येणा नाय. आमच्याकडे पॉलिसी-बिलिसी काय नाय. मी खय जावचा?

वसुधाताई

दादा, पतसंस्थेला कंपनी कायदा लागत नाही, म्हणून १७७ चा तुम्हाला उपयोग नाही. सहकार कायद्याखाली दरवर्षी लेखापरीक्षण होतं, आणि खात्यांत गुन्हा घडल्याचं दिसलं तर लेखापरीक्षकाने निबंधकाला तसा खास अहवाल द्यायचा असतो. लेखापरीक्षक येईल तेव्हा संचालकांच्या नातेवाइकांच्या कर्जांची यादी आणि तारणाचे कागद त्याने मागावेत, एवढं त्याच्या कानावर घाला. नाहीतर सहाय्यक निबंधकांकडे अर्ज. सभासदांपैकी कोणी पुढे आला तर उत्तम, कारण तो नोकर नाही, त्याला काढून टाकता येत नाही. तुमच्या नोकरीला संरक्षण देणारी वेगळी तरतूद मात्र मी तुम्हाला दाखवू शकत नाही, हे स्पष्ट सांगते.

कुडाळकर

बरा सांगितल्यात. एक सभासद आसा, निवृत्त मास्तर. तेंका सांगतंय.

परशुराम घाट

बदलीचं काय? जुन्या काकांनी सांगितलं तसं झालं तर?

नियमवाचक

या वेळी मी बघून लिहितोय. महाराष्ट्रात १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. व्यवस्थापनाचं धोरण असं नाव देऊन कामगाराची दुष्ट हेतूने बदली करणं ही त्यात अनुचित प्रथा आहे, चौथ्या अनुसूचीत. नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही तेच वाक्य आहे. १९७१ च्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करावी लागते. काट्यावरचा माणूस कामगारात बसेल. अधिकारी, मॅनेजर बसणार नाहीत.

वसुधाताई

हे अगदी बरोबर आणलंत. लोक ते ९० दिवस कंपनीच्या उत्तराची वाट बघण्यात घालवतात. छळाची दुसरी तक्रार अध्यक्षांकडे करायची, ती करायचीच, पण तिच्या उत्तरासाठी कोर्टाची मुदत थांबत नाही.

आणि तक्रार टाकण्याआधीच भाच्याने एक फाइल करावी. आतापर्यंतची वेतनवाढीची पत्रं, मूल्यमापन, हजेरी, कधी शाबासकीचं पत्र मिळालं असेल तर ते. नंतर कोणी म्हणालं की याचं काम आधीपासूनच वाईट होतं, तर उत्तर तयार पाहिजे. सूड बहुतेक वेळा बदलीने सुरू होत नाही. आधी पाळी बदलते, मग रजा नाकारतात, मग क्षुल्लक गोष्टीवर मेमो येतो. गणपतीची रजा दरवर्षी मिळायची आणि याच वर्षी "उत्पादनाची निकड" निघाली, तर तारखेसह लिहून ठेवावं. एकेक गोष्ट किरकोळ दिसते, ओळीने लावल्यावर दिसायचं ते दिसतं.

परशुराम घाट

आणि त्याचा धाकटा भाऊ? कंत्राटातला?

वसुधाताई

इथे माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. कायद्याचे शब्द आहेत की जे ही यंत्रणा वापरतात त्यांना संरक्षण. भाऊ ती वापरत नाही. तो कंपनीचा कर्मचारीही नाही. काही कंपन्यांच्या पॉलिसीत कंत्राटी कामगार, पुरवठादार, तपासाला मदत करणारे साक्षीदार घेतलेले असतात. नातेवाईक क्वचितच. भिंतीवरचा कागद पुन्हा वाचा, व्याख्येच्या परिच्छेदात कोण कोण आहे ते बघा.

एचआर_चिपळूण

खरं सांगायचं तर कंत्राटदाराला कोणी लेखी काही सांगत नाही. "तो मुलगा उद्यापासून नको" एवढा फोन पुरतो. कंत्राटदार म्हणतो, माझा माणूस, मी दुसऱ्या साइटवर पाठवला. कागदावर कंपनीचा संबंधच येत नाही. माझं म्हणणं, पत्रात भावाचाही उल्लेख करावा, म्हणजे अध्यक्षांना आधीच माहीत असेल आणि भावाला हलवलं तर तो योगायोग म्हणता येणार नाही.

जुना कामगार

म्हणजे ज्याला कोणी ओळखत नव्हतं त्याचंही नाव आपणच लिहून द्यायचं!

वसुधाताई

दोन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. मी असते तर भावाचं नाव आतल्या लिफाफ्यात, माझ्या नावाखाली लिहिलं असतं, मजकुरात नाही. पण हे मी भावाला विचारल्याशिवाय केलं नसतं. धोका त्याचा आहे, होकारही त्याचाच हवा.

परशुराम घाट

पॉलिसी पुन्हा वाचून आलो, म्हणजे फोटो मागवला. "कंपनीचे कर्मचारी व संचालक" एवढंच लिहिलंय, कंत्राटी नाहीत. अध्यक्षांचा पत्ता म्हणून कंपनी सेक्रेटरीमार्फत असा मुंबईच्या ऑफिसचा पत्ता आहे. म्हणजे लिफाफा आधी सेक्रेटरी उघडणार का?

वसुधाताई

वरच्या लिफाफ्यावर अध्यक्षांचं पद, "व्हिसलब्लोअर पॉलिसीखाली, गोपनीय, केवळ अध्यक्षांनी उघडावे" असं लिहा. पाठवणाऱ्याच्या जागी लोट्याचा किंवा खेडचा पत्ता नको. तुम्ही मामा आहात, मुंबई किंवा पुण्याला कोणी नातेवाईक असेल तर त्याच्या पत्त्यावरून स्पीड पोस्ट करा, पोच तिकडे येऊ दे. बहुतेक सेक्रेटरी ही गोष्ट सांभाळतात, कारण फुटलं तर पहिला प्रश्न त्यांनाच येतो.

जुना कामगार

माझं मत बदललेलं नाही. तुम्ही सांगितलेलं सगळं नीट व्हायला अध्यक्ष चांगला हवा, सेक्रेटरी चांगला हवा, तपासणारा हुशार हवा आणि भाच्याकडे कोर्टाची पायरी चढायची ताकद हवी. चारांतलं एक चुकलं की पोरगा उघडा पडला. निनावी पत्रात हेच गाडीचे नंबर आणि त्याच तारखा लिहा, निळ्या प्रतींचंही लिहा. तपासायचं असेल तर तेवढ्यावर तपासतील.

वसुधाताई

कंपनीची नियत चांगली असेल तर तपासतील, हे खरं. पण तपासताना एक प्रश्न अडला तर विचारणार कोणाला? अशी कितीतरी निनावी पत्रं मी अर्ध्यावर बंद केलीत, कारण पुढची एक तारीख सांगायला पलीकडे कोणी नव्हतं. निनावीच करायची असेल तर निदान एक नवा ईमेल पत्ता द्या, ज्यावर प्रश्न विचारता येतील.

दाभोळ खाडीकर

तुम्ही कंपनीला लिहा नाहीतर आणखी कोणाला, टाकीच्या पातळीचं ते वाक्य त्यात घाला. बाकी बिलांचं तुम्ही बघा.

परशुराम घाट

घालतो. आज रात्री दोघा भावांना एकत्र बसवून बोलतो. धाकटा नको म्हणाला तर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.